पीडीएफमधून कॉपी केलेली मराठी विस्कटते का, आणि ती पुन्हा वाचण्याजोगी कशी करायची

ग्रामपंचायतीची निविदा, आंबा-काजूच्या विम्याचं परिपत्रक, मच्छीमार सोसायटीची सभेची नोटीस. पीडीएफ उघडली की सगळं स्वच्छ दिसतं. त्यातल्या चार ओळी मुंबईतल्या वाडीकरांच्या ग्रुपवर पाठवाव्यात म्हणून कॉपी करून पेस्ट केल्या, की `ftYgk ifj"kn] jRukfxjh` असलं काहीतरी उमटतं. बहुतेक जण मग फाँट बदलून पाहतात, हाताला लागेल तो कन्व्हर्टर चालवतात आणि शेवटी कंटाळून सगळं हाताने टाइप करतात.

घोळ होतो तो निदान न करता औषध दिल्यामुळे. हा बिघाड दोन जातींचा आहे आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. एकात अक्षरं पूर्ण शाबूत असतात, फक्त वेगळ्या सांकेतिक लिपीत असतात. ती कन्व्हर्टरने परत मिळतात. दुसऱ्यात काही अक्षरं कॉपी होतानाच गळून पडतात, आणि मग कुठलाही कन्व्हर्टर ती परत आणू शकत नाही. तिथे पानाचं चित्र काढून संगणकाकडून वाचून घ्यावं लागतं.

पुढे उदाहरणासाठी एकच फाइल घेऊ: नळपाणी योजनेची सहा पानी निविदा, नाव `nivida.pdf`. पान १ ते ४ मजकूर, पान ५ वर तक्ता, पान ६ वर सही-शिक्क्याचं स्कॅन. अशी मिश्र फाइल आपल्याकडे नेहमीची आहे, कारण मजकूर एकाने टाइप केलेला असतो, तक्ता दुसऱ्याने एक्सेलमध्ये केलेला असतो आणि शेवटचं पान झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन झालेलं असतं.

## टप्पा ० : हात लावण्याआधी

पहिलं काम फोनवरचं. ज्याच्याकडून पीडीएफ आली त्याच्याकडे मूळ वर्ड फाइल मागा. मूळ फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्याच प्रमाण पद्धतीत असेल, तर पुढचं काहीच करावं लागणार नाही. ती कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फाँटमध्ये असली, तरी ओळी तुटलेल्या नसतात, त्यामुळे निम्मी डोकेदुखी कमी होते.

फाइल मिळाली नाही तर पीडीएफची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि कामं प्रतीवरच करा. पेस्ट करायचं ते साध्या नोटपॅडमध्ये, आणि सेव्ह करताना `UTF-8` निवडायचं. मजकूर वर्ड किंवा ईमेलमधून फिरवून आणू नका. जुन्या फाँटात `'` आणि `"` ही चिन्हं नसून श आणि ष या अक्षरांचे तुकडे असतात. वाटेत एखाद्या प्रोग्रॅमने त्यांची वळणदार अवतरणचिन्हं केली, की सगळे श आणि ष बिघडतात.

पुढे टर्मिनलमध्ये द्यायच्या आज्ञांसाठी लागणारे प्रोग्रॅम फुकट आहेत आणि एकदा बसवले की नेटशिवाय चालतात. पावसाळ्यात रेंज दिवसदिवस गायब होणाऱ्या गावांत ही मोठी सोय आहे. उबुंटूवर ते असे बसतात:

```
sudo apt install poppler-utils tesseract-ocr tesseract-ocr-mar
```

विंडोजवर पीडीएफमधून मजकूर आणि चित्रं काढणारा पॉप्लर आणि चित्रातली अक्षरं वाचणारा टेसरॅक्ट वेगवेगळे बसवावे लागतात. टेसरॅक्टच्या `tessdata` फोल्डरमध्ये `mar.traineddata` ही फाइल आहे ना, ते पाहून घ्या. ती नसेल तर मराठी वाचता येणार नाही.

## टप्पा १ : निदान

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. पेस्ट केलेला मजकूर तीनपैकी एका तऱ्हेचा असतो.

सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत असतील, देवनागरीचा मागमूस नसेल, तर फाइल जुन्या फाँटात आहे. अक्षरं देवनागरीच आहेत पण मध्येच भोकं पडली आहेत, वेलांट्या भलत्या अक्षरावर गेल्या आहेत, ‘महाराष्ट्र शासन’चं ‘महारा शासन’ आणि ‘प्रमाणपत्र’चं ‘माणप’ झालं आहे, तर ती दुसरी जात. आणि मजकूर निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे.

आता खात्री करा. ॲडोबी रीडरमध्ये फाइल उघडून `Ctrl+D` दाबा आणि `Fonts` हा भाग पाहा. मात्र त्याआधी शेवटच्या पानापर्यंत एकदा खाली जाऊन या, कारण तुम्ही उघडलेल्या पानांचेच फाँट त्या यादीत येतात. पहिलं पान पाहून ‘कृतिदेव आहे’ असं ठरवून टाकणं ही नेहमीची चूक आहे. त्यापेक्षा ही आज्ञा जास्त भरवशाची:

```
pdffonts nivida.pdf
```

आपल्या निविदेचं उत्तर साधारण असं येईल:

```
name                type          encoding    emb sub uni object ID
------------------- ------------- ----------- --- --- --- ---------
BCDEEE+KrutiDev010  TrueType      WinAnsi     yes yes no       5  0
BCDFEE+Mangal       CID TrueType  Identity-H  yes yes yes     31  0
```

अधिक चिन्हाच्या आधीची सहा अक्षरं सोडून द्या, नाव त्यानंतर आहे. `KrutiDev`, `Shivaji`, `SHREE-DEV`, `DVBWTT` किंवा `DV-TT` असं काही असेल तर तो जुना फाँट. `Mangal`, `Nirmala`, `Kokila`, `Lohit` ही नावं युनिकोड फाँटांची. कुठलं पान कुठल्या फाँटात आहे हे पाहायला पानांचे आकडे द्या:

```
pdffonts -f 5 -l 5 nivida.pdf
```

पान ५ ला फक्त मंगल येतो. पान ६ ला यादी रिकामीच येते, म्हणजे तिथे अक्षरं नाहीत, चित्र आहे. निदान झालं: १ ते ४ कन्व्हर्टरकडे, ५ आणि ६ चित्रवाचनाकडे.

सावधान : `uni` या रकान्यात `yes` आहे म्हणजे मजकूर बरोबर कॉपी होईल, असं समजू नका. तो रकाना अक्षरांचा तक्ता आहे एवढंच सांगतो. तक्ता बरोबर आहे की नाही हे सांगत नाही. मंगलची बहुतेक रड तिथेच असते.

फाँटचं नाव `CIDFont+F1` असं निनावी आलं तर घाबरू नका. प्रिंटमधून पीडीएफ बनवताना मूळ नाव पुसलं जातं. मग कचऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. ‘मराठी’ हा एकच शब्द कृतिदेव, श्री-लिपी आणि डीव्ही-टीटी या तीन घराण्यांत कसा उमटतो ते पाहा:

```
ejkBh
_amR>r
¨É®úÉ`öÒ
```

कृतिदेवमध्ये बहुतेक साधी इंग्रजी अक्षरं आणि जिकडेतिकडे `k`, कारण `k` म्हणजे काना. डीव्ही-टीटीमध्ये `É` चा सुळसुळाट, तोही त्याच कारणाने. श्री-लिपीत काना `m` ने लिहितात. मराठीत काना इतक्या वेळा येतो, की कुठलं चिन्ह सर्वांत जास्त वेळा दिसतंय हे पाहिलं तरी अर्धं काम होतं.

पडताळा : संशय असेल तर तो फाँट बसवा, कचरा वर्डमध्ये पेस्ट करा आणि त्याला तोच फाँट द्या. मराठी नीट दिसली तर निदान बरोबर. मात्र हा इलाज नाही. आत अजूनही `ejkBh` च आहे. ते शोधात सापडणार नाही आणि व्हॉट्सॲपवर टाकलं की पुन्हा कचराच होईल. उलट दिशेने, कचऱ्याला मंगल फाँट देऊन तर काहीच घडत नाही.

## टप्पा २ : जुन्या फाँटातली पानं बाहेर काढणं

माउसने निवडून कॉपी करण्यापेक्षा आज्ञेने काढा:

```
pdftotext -layout -f 1 -l 4 -enc UTF-8 nivida.pdf nivida-1-4.txt
```

यातलं `-layout` विसरू नका. कृतिदेवमध्ये पूर्णविराम `-` या चिन्हाने लिहितात. `-layout` दिलं नाही तर हा प्रोग्रॅम ओळीच्या शेवटचं `-` म्हणजे इंग्रजी शब्द तोडल्याची खूण समजतो, ते गाळतो आणि पुढची ओळ जोडून टाकतो. परिणामी ओळीच्या टोकाला संपणाऱ्या वाक्यांचे पूर्णविराम नाहीसे होतात आणि दोन वाक्यांचे शब्द एकमेकांना चिकटतात. हे रूपांतरानंतर लक्षात येतं, पण तेव्हा कुठे काय गळलं ते कळत नाही.

आता इंग्रजी शब्द बाजूला काढा. निविदेत HDPE पाइप, GST, ईमेलचा पत्ता असं असतंच. पीडीएफमध्ये ते वेगळ्या फाँटात असतात, पण साध्या मजकुरात सगळं एकजीव होतं आणि कन्व्हर्टरला दोन्ही सारखेच. तो HDPE चं इमानदारीने ‘भ्क्च्म्’ करतो, कारण कृतिदेवमध्ये `H` म्हणजे भ् आणि `D` म्हणजे क्. म्हणून पीडीएफ शेजारी उघडी ठेवून असे शब्द शोधा आणि त्यांच्या जागी एकेक अनोखा आकडा ठेवा: HDPE ला 777001, GST ला 777002. बहुतेक कन्व्हर्टर साध्या आकड्यांना हात लावत नाहीत. रूपांतर झाल्यावर आकड्यांच्या जागी शब्द परत आणा.

## टप्पा ३ : कन्व्हर्टर पारखणं

कन्व्हर्टर आतून काय करतो हे समजलं की त्याच्या चुका ओळखता येतात. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द घेऊ. कृतिदेवमध्ये तो असा आहे:

```
fla/kqnqxZ
```

एकेक चिन्ह सोडवलं तर: `f` वेलांटी, `l` स, `a` अनुस्वार, `/k` ध, `q` उकार, `n` द, `q` उकार, `x` ग, `Z` रफार. जुना फाँट कागदावर जे डावीकडून उजवीकडे दिसतं त्याच क्रमाने साठवतो, म्हणून वेलांटी स च्या आधी आणि रफार ग च्या नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं: स, मग वेलांटी, र्, मग ग. म्हणजे नुसतं ‘या चिन्हाच्या जागी ते अक्षर’ करून भागत नाही. वेलांटी पुढच्या अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते आणि रफार काना-मात्रा ओलांडून मागे आणावा लागतो. ‘कार्यालय’ बघा, `dk;kZy;`. इथे `Z` हा `;k` म्हणजे ‘या’च्याही नंतर आहे. अर्धवट कन्व्हर्टर इथे ‘कायार्लय’ करतो. हा शब्द कुठेतरी वाचलेला आठवत असेल, तर तो याच चुकीतून आलेला.

दुसरी गोम क्रमाची. `[k` मिळून ख होतो. आधी सगळ्या `k` चा काना केला तर ख चे ‘ख्’ आणि ‘ा’ असे दोन तुकडे होतात. तसंच `ks` मिळून ‘ो’ व्हायला हवा. त्याऐवजी `k` चा काना आणि `s` ची मात्रा वेगवेगळी झाली तर ‘ाे’ तयार होतं. अनेक फाँटांत हे दिसायला अगदी ‘ो’ सारखं असतं, पण आत दोन वेगळी चिन्हं असतात आणि ‘कोकण’ शोधलं तर ‘काेकण’ सापडत नाही. वर्डच्या फाइंड-रिप्लेसने स्वतःच रूपांतर करू पाहणारे इथेच अडकतात. लांब जोड्या आधी बदलायच्या, एकेकटी चिन्हं नंतर, आणि क्रमाची फिरवाफिरव सर्वांत शेवटी, वेलांटी आधी आणि रफार नंतर.

म्हणून कुठलाही कृतिदेव कन्व्हर्टर वापरण्याआधी त्याला ही सात शब्दांची परीक्षा द्या. जशीच्या तशी पेस्ट करा:

```
jRukfxjh
fla/kqnqxZ
dk;kZy;
egkjk"Vª
dksGh
vkWxLV
'ksrd&;kauk
```

उत्तर असं यायला हवं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कार्यालय, महाराष्ट्र, कोळी, ऑगस्ट, शेतक-यांना. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले कन्व्हर्टर बहुधा पाचव्या किंवा सहाव्या शब्दावर घसरतात, कारण ळ आणि ऑ यांची त्यांना तितकी सवय नसते.

सातव्या शब्दात ‘शेतक-यांना’ येणं ही कन्व्हर्टरची चूक नाही. ऱ्य मधला अर्धा र सहज मिळत नाही म्हणून टायपिस्ट मंडळी त्या जागी सरळ आडवी रेघ देत आली आहेत. कागदावर ती खपून जाते. रूपांतरात ती खरीखुरी रेघच राहते.

सावधान : ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये आधार क्रमांक, बँक खातं किंवा सातबाऱ्यावरची नावं असलेला मजकूर टाकू नका. बरेच कन्व्हर्टर ब्राउझरमध्येच काम करतात. पान उघडल्यावर नेट बंद करा आणि परीक्षेचे सात शब्द चालवा. नेटशिवायही उत्तर आलं तर मजकूर कुठे जात नाही असं समजायला हरकत नाही. मग खरा मजकूरही नेट बंद ठेवूनच टाका, आणि काम झाल्यावर ते पान बंद करा.

## टप्पा ४ : रूपांतरानंतरची सफाई

चार पानं एकदम टाकू नका. पहिल्या पानाच्या दहा ओळी रूपांतरित करा, पीडीएफशी ताडून पाहा आणि मगच बाकीचं टाका.

सफाईचा क्रम असा ठेवा. आधी `-य` आणि `-ह` शोधा. ‘शेतक-यांना’, ‘खा-या’, ‘कु-हाड’ असे शब्द सापडतील. तिथे ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ करा. ‘सर्व बदला’ मात्र दाबू नका, नाहीतर ‘यंत्र-यादी’सारख्या खऱ्या जोडशब्दाचं वाटोळं होईल. एकेक पाहून बदला.

मग ‘ाे’, ‘ाै’ आणि ‘अा’ शोधा. डोळ्यांना फरक दिसत नसेल तर संशयित अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून एकदाच बॅकस्पेस दाबा. ‘को’ मधला सगळा ‘ो’ गेला आणि क उरला तर ठीक. मात्रा जाऊन ‘का’ उरला तर तिथे दोन चिन्हं आहेत, बदलून घ्या.

शेवटी उरलेली इंग्रजी अक्षरं शोधा. राहिलेला एखादा `Z` किंवा `f` म्हणजे अनाथ रफार किंवा वेलांटी. ते शब्द हाताने दुरुस्त करा. 777001 वगैरे आकड्यांच्या जागी मूळ शब्द ठेवा आणि एकूण किती ठेवले होते त्याच्याशी मोजणी जुळवा.

पडताळा : ‘जिल्हा परिषद, रत्नागिरी’ असं स्वतः टाइप करून दुरुस्त फाइलमध्ये शोधा. पीडीएफमध्ये जितक्या वेळा आहे तितक्या वेळा सापडलं, तर मजकूर आतूनही बरोबर आहे.

## टप्पा ५ : भोकं पडलेली पानं

आता पान ५. तक्ता मंगलमध्ये आहे, तरी कॉपी केल्यावर ‘िज हा पिरषद, र नािगरी’ येतं. इथे लोक सर्वांत जास्त वेळ वाया घालवतात, कारण अक्षरं ओळखीची दिसतात आणि ‘थोडं दुरुस्त केलं की होईल’ असं वाटतं.

होणार नाही, आणि का ते पाहा. पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, आकारांचे क्रमांक असतात. क्रमांक अमुक म्हणजे अक्षर तमुक, असा एक तक्ता सोबत असतो आणि कॉपी करताना तो वापरला जातो. क, ग, न यांच्यासाठी ही जोडी सरळ आहे. पण ज्ञ, द्व, प्र, त्र, अर्धा त् हे आकार दोन-तीन अक्षरं मिळून तयार झालेले असतात. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने त्यांची नोंदच केली नाही, तर त्या जागी कॉपीत काहीच येत नाही किंवा नुसती मोकळी जागा येते. ‘विज्ञान’ आणि ‘विद्वान’ हे दोन्ही शब्द कॉपीत ‘िव ान’ असेच उतरतात. त्या भोकात ज्ञ होता की द्व, हे कॉपी केलेल्या मजकुरावरून कुणालाच सांगता येणार नाही. वेलांट्या जागेवर आणता येतील, पण गेलेली जोडाक्षरं नाही.

दोन मिनिटं मात्र एका गोष्टीला द्या: तीच ओळ ॲडोबी रीडर, क्रोम आणि `pdftotext` अशा तिन्ही ठिकाणांहून काढून पाहा. काही फाइलींत खरा मजकूर वेगळा जोडलेला असतो आणि तो एखादाच प्रोग्रॅम वाचतो. तिन्हीकडे भोकं सारखीच असतील तर नाद सोडा आणि पानाचं चित्र करा:

```
pdftoppm -r 300 -gray -png -f 5 -l 6 nivida.pdf pan
tesseract pan-5.png pan-5 -l mar --psm 6
```

`-r 300` म्हणजे इंचाला ३०० ठिपके. तक्त्यातली अक्षरं फारच बारीक असतील तर ४०० करा. फाइल दहा ते नव्याण्णव पानांची असेल तर चित्रांची नावं `pan-05.png` अशी येतात, आज्ञेत तसं लिहा. उत्तर `pan-5.txt` मध्ये मिळेल.

`-l mar` च्या जागी हिंदी चालेल असं समजू नका. ळ आणि ऱ्य तिथे हमखास मार खातात. पानावर इंग्रजी शब्द असतील तर `-l mar+eng` द्या, पण मग आकडे जास्त काळजीने तपासा, कारण देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ होते. `--psm 6` हा अख्खं पान एकसंध मजकूर मानतो, साध्या तक्त्याला तो बरा पडतो. शीर्षक, मजकूर, टीप असं लहानमोठं असेल तर `--psm 4` वापरून पाहा.

तक्त्याच्या उभ्या रेघा कधीकधी दंड किंवा काना म्हणून वाचल्या जातात, आणि शेजारच्या दोन रकान्यांतले शब्द एका वाक्यात मिसळतात. असं झालं तर चित्र रकान्यांप्रमाणे कापून एकेक रकाना वेगळा वाचून घ्या. पाच रकान्यांना पाच वेळा आज्ञा द्यावी लागते, पण मिसळलेला तक्ता सोडवण्यापेक्षा हे लवकर होतं.

पान ५ चं चित्र थेट पीडीएफमधून निघालेलं असल्याने अक्षरं कोरीव असतात आणि वाचन चांगलं येतं. पान ६ हे स्कॅन आहे: तिरकं, शिक्क्याखाली दबलेलं. तिथे आधी चित्र सरळ करा, कडेचा काळा पट्टा कापा, मग वाचायला द्या. शिक्का पडला आहे त्या ओळी हाताने टाइप करा. तिथे यंत्राशी झगडण्यात अर्थ नाही.

सावधान : सगळी फाइल सोपी पडते म्हणून एकदम चित्रवाचनाकडे देऊ नका. पान १ ते ४ कन्व्हर्टरने अक्षरशः जसंच्या तसं परत मिळतं. चित्रवाचन कितीही चांगलं असलं तरी ते अंदाज असतात.

## टप्पा ६ : चित्रवाचनाच्या चुका पकडणं

इथल्या चुका टप्पा ४ पेक्षा वेगळ्या आणि जास्त फसव्या आहेत. कन्व्हर्टर चुकला की शब्द वेडावाकडा दिसतो. चित्रवाचन चुकलं की तिथे दुसराच बरोबर शब्द येतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्यांवर नजर ठेवा. अनुस्वार गळतात. ऱ्य चं र्य होतं, आणि मग ‘दऱ्या’ जाऊन ‘दर्या’ येतो. डोंगरातली वाडी एका फटक्यात समुद्रात. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम इथे गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

ऱ्य च्या बाबतीत आणखी एक. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे, शोधायला वेगळे. टप्पा ४ मध्ये तुम्ही हाताने ‘ऱ्य’ केले असतील तर पान ५-६ मध्येही तोच ‘ऱ्य’ कॉपी करून वापरा, म्हणजे पूर्ण फाइलमध्ये एकच रूप राहील.

आकड्यांसाठी मात्र वाचून तपासणं पुरत नाही. रक्कम, गट नंबर, तारीख आणि फोन नंबर यांचं एक जण पीडीएफवरून मोठ्याने वाचन करेल आणि दुसरा नव्या फाइलवर बोट ठेवून जुळवेल, असं करा. १ आणि ९ ची अदलाबदल डोळा सहज सोडून देतो, कान सोडत नाही. तक्त्याखाली एकूण रक्कम दिली असेल तर नव्या फाइलमधल्या रकमांची बेरीज करून तिच्याशी ताडा. जुळली नाही तर चुकलेल्या ओळीपर्यंत पोचायला फरकाचा आकडाच मदत करतो: फरक ८, ८० किंवा ८०० आला तर बहुधा कुठेतरी १ चा ९ किंवा ९ चा १ झाला आहे, आणि तो एकक, दशक की शतकाच्या घरात आहे हेही त्याच आकड्यावरून कळतं.